खातं बंद झालं, पण माहिती पुसली गेली का?

धावण्याची आणि सायकलिंगची नोंद ठेवणारी एक ऑनलाइन सेवा मी काही वर्षं वापरत होते. मनगटावरच्या घड्याळातून मार्ग, वेग, हृदयाचे ठोके असं सगळं आपोआप तिथे जायचं. पुढे माझा वापर थांबला, पण नोंदी तिथेच राहिल्या. जवळजवळ प्रत्येक मार्गाची रेघ माझ्या घराच्या दारातून निघत होती आणि फिरून तिथेच येत होती. मी कुठे राहते, किती वाजता घराबाहेर असते, कोणत्या आठवड्यात आजारी होते, हे त्या रेघांवरून आणि ठोक्यांच्या आलेखांवरून कुणालाही काढता आलं असतं. म्हणून नुसतं ॲप काढून न थांबता, लेखी विनंती करून खातं बंद करायचं आणि माहिती खरोखर पुसून घ्यायची, असं मी ठरवलं. ते कसं झालं, कुठे अडलं आणि काम पूर्ण झालं हे कशावरून कळलं, ते लिहिते आहे.

माझी एक मैत्रीण एका कंपनीत डेटा संरक्षणाचं काम पाहते. तिला विचारलं तर ती पहिल्याच वाक्यात म्हणाली, "अगं, डिलीटचं बटण लगेच दाबू नकोस. आधी तुझ्याबद्दल त्यांच्याकडे काय काय आहे त्याची कॉपी माग, आणि ती कुणाकुणाला दिली ते विचार." कारण सरळ होतं. खातं बंद झालं की लॉगिन जातं. आपण कोण हे सिद्ध करायचं सर्वांत सोपं साधन जातं, आणि काय पुसलं जायला हवं होतं याची यादीही जाते. मग कंपनीने "सगळं डिलीट केलं" असं कळवलं, तर ते कशाशी ताडून पाहायचं?

आपली विनंती कोणत्या कायद्याच्या आधारे करायची, हे त्याआधी ठरवावं लागतं. त्या सेवेच्या प्रायव्हसी पॉलिसीत शेवटच्या परिच्छेदात कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता होता, आणि तो युरोपीय संघातल्या एका देशातला होता. मी युरोपात राहत नाही. तरीही याने फरक पडत नाही, कारण युरोपचा जीडीपीआर हा कायदा, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ३ प्रमाणे कंपनीचा कारभार युरोपीय संघातून चालत असेल तर त्या कारभारातल्या माहितीला तो लागू होतो. माहिती ज्याची आहे तो माणूस कोणत्या देशाचा आणि कुठे राहतो, हे तिथे पाहिलं जात नाही. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, आणि कंपन्यांच्या मदत केंद्रांनाही कधीकधी ती आठवण करून द्यावी लागते.

सेवा भारतातली असेल तर आधार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. त्याच्या कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि नागरिकांच्या हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी अंमलात यायची अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा पत्रात कायद्याचा उल्लेख करण्याआधी तारीख पाहून घ्यावी. माझ्या बाबतीत जीडीपीआर पुरेसा होता.

विनंती पाठवण्याआधी मी माहितीचा ओघ थांबवला. घड्याळ बनवणारी कंपनी वेगळी आणि नोंदी ठेवणारी सेवा वेगळी, आणि दोघींमध्ये एक जोडणी असते. ती चालू ठेवून खातं पुसलं तर घड्याळाच्या कंपनीकडच्या प्रती तशाच राहतात, आणि काही सेवांमध्ये जुनी जोडणी पुन्हा नोंदी पाठवायचा प्रयत्न करत राहते. म्हणून दोन्ही बाजूंनी जोडणी तोडली. पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर खातं डिलीट केल्याने ते रद्द होत नाही, स्टोअरमध्ये जाऊनच रद्द करावं लागतं. खातं नाहीसं झालेलं आणि पैसे मात्र कापले जात आहेत, अशा तक्रारी यातूनच येतात. मोबाइलमधल्या संपर्क यादीला दिलेली परवानगीही काढून घेतली.

मग पहिलं पत्र. कंपनीच्या सेटिंग्जमध्ये "माझी माहिती डाउनलोड करा" असा पर्याय होता. तो वापरला आणि थोड्याच वेळात एक झिप फाइल आली. तिच्यात मार्ग होते, फोटो होते, प्रोफाइल होतं. पण मदत केंद्राशी झालेला माझा जुना पत्रव्यवहार नव्हता, कोणत्या उपकरणांवरून आणि आयपी पत्त्यांवरून लॉगिन झालं त्याची नोंद नव्हती, संपर्क यादीतून त्यांनी उचललेली नावं नव्हती, आणि माहिती कुणाला दिली याबद्दल एक अक्षर नव्हतं. या बटणातून मिळणारी फाइल म्हणजे कंपनीला सोयीची तेवढी माहिती. कायद्याच्या कलम १५ खाली जी प्रत मागता येते ती याहून बरीच व्यापक असते.

म्हणून प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावर, नोंदवलेल्या ईमेलवरूनच, स्वतंत्र मेल पाठवला. त्यात फाइलमध्ये काय आलं नाही ते नेमकं लिहिलं आणि माहिती घेणाऱ्यांची नावं मागितली. उत्तर कायद्याने एका महिन्याच्या आत द्यायचं असतं. मागणी गुंतागुंतीची असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. शुल्क घेता येत नाही, मागणी उघडच निराधार किंवा अवाजवी असेल तरच त्याला अपवाद आहे.

महिना संपायच्या आत उत्तर आलं. राहिलेल्या बहुतेक गोष्टी आल्या, पण माहिती कुणाला दिली याचं उत्तर मोघम होतं: "आमचे सेवा भागीदार आणि विश्लेषण भागीदार." इथे मैत्रिणीने एक निकाल दाखवला. १२ जानेवारी २०२३ ला युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या खटल्यात, क्रमांक सी-१५४/२१, असं ठरवलं की माणसाने विचारलं तर माहिती घेणाऱ्यांची प्रत्यक्ष नावं द्यावी लागतात, नुसते प्रकार सांगून चालत नाही. घेणारे कोण हे अजून ठरवताच येत नसेल किंवा मागणी उघडच निराधार किंवा अवाजवी असेल, तरच सूट आहे. मी त्या निकालाचा क्रमांक देऊन पुन्हा लिहिलं. यादी आली. तिच्यात ईमेल पाठवणारी एक सेवा होती, ॲप बंद पडल्याच्या नोंदी गोळा करणारी एक, मदत केंद्राचं सॉफ्टवेअर पुरवणारी एक आणि जाहिराती मोजणारी एक. पुढच्या सगळ्या प्रवासात माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडली ती हीच यादी.

आता मुख्य विनंती. खातं डिलीट करायचं बटण ॲपमध्ये होतंच. ॲपलने ३० जून २०२२ पासून नियम केला आहे की ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते पुसून टाकण्याची विनंतीही करता आली पाहिजे, आणि गूगल प्लेचाही तसाच नियम आहे. पण त्या बटणामागे नेमकं काय होतं हे कंपनी ठरवते, म्हणून मी लेखी विनंती आधी पाठवली आणि बटण नंतर दाबायचं ठरवलं. पत्र इंग्रजीत होतं, त्याचा आशय असा:

"मी आपल्या सेवेची वापरकर्ती आहे. हा मेल खात्याशी जोडलेल्या पत्त्यावरून पाठवत आहे. आरोग्याची आणि ठिकाणाची माहिती वापरण्यास दिलेली संमती मी मागे घेत आहे. जीडीपीआरच्या कलम १७ प्रमाणे माझी सर्व वैयक्तिक माहिती पुसून माझं खातं कायमचं बंद करावं. यात मार्ग, हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी, फोटो, टिप्पण्या, संपर्क यादीतून घेतलेली नावं, मदत केंद्रातला पत्रव्यवहार, उपकरणांच्या आणि लॉगिनच्या नोंदी आणि या सगळ्यावरून माझ्याबद्दल काढलेले निष्कर्ष येतात. कलम १९ प्रमाणे ज्यांना ही माहिती दिली त्यांनाही ती पुसण्यास कळवावं आणि कुणाला कळवलं ते मला सांगावं. एखादी माहिती ठेवणं कायद्याने बंधनकारक असेल तर कोणती, कोणत्या कायद्याखाली आणि किती काळ, हे लिहून द्यावं. कृपया खातं केवळ निष्क्रिय करू नये."

पत्रातल्या दोन जागा मी जाणूनबुजून घातल्या होत्या. संमती मागे घेतल्याचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण पुसून घेण्याचा हक्क बिनशर्त नाही, त्याला कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक तरी लागतं. हृदयाचे ठोके ही आरोग्याची माहिती, आणि अशी सेवा ती स्पष्ट संमतीवरच ठेवत असते. ती संमती काढली आणि दुसरा कायदेशीर आधार उरला नाही की पुसणं भाग पडतं. दुसरी जागा म्हणजे ठेवायच्या माहितीचा तपशील मागणं. "कायद्याप्रमाणे आवश्यक तेवढी माहिती आम्ही ठेवतो" या छापील वाक्याआड काहीही लपू शकतं.

पहिलं उत्तर ओळखपत्राबद्दल आलं. पासपोर्टचं स्कॅन आणि तो हातात धरून काढलेला फोटो पाठवा, म्हणजे विनंती पुढे जाईल. मी हे दिलं नाही, आणि का दिलं नाही ते सांगते. खातं उघडताना त्यांनी माझा पासपोर्ट कधी पाहिला नव्हता, तेव्हा आता तो कशाशी जुळवून पाहणार? त्यांच्याकडे नसलेली आणि जास्त नाजूक माहिती त्यांना देऊन, असलेली पुसून घ्यायची, यात काही अर्थ नाही. कलम १२ मध्ये ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच जादा माहिती मागता येते असं म्हटलं आहे, आणि युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या २०२३ मध्ये पक्क्या झालेल्या मार्गदर्शिकेतही, माहितीची प्रत मागण्याच्या संदर्भात, ओळखपत्राची प्रत हा सरसकट योग्य मार्ग मानलेला नाही. मी लिहिलं की मी खात्यात लॉगिन करून आपण सांगाल तो कोड टाकू शकते, शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि खातं उघडल्याचा महिना सांगू शकते. त्यांनी लॉगिन करून पुष्टी करायचा दुवा पाठवला आणि तो मुद्दा तिथे मिटला.

यात काळजी घ्यायची ती वेळेची. शंका खरोखर रास्त असेल आणि कंपनीने लगेच विचारलं असेल, तर ओळख पटेपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबू शकतं. म्हणून अशा मेलला त्याच दिवशी पर्याय सुचवून उत्तर द्यावं. आणि ओळखपत्र देणं खरंच टाळता येणार नसेल, जसं बँक किंवा विम्याच्या खात्यात होतं, तर प्रतीवर क्रमांक आणि फोटो झाकावा, आडव्या अक्षरांत "फक्त अमुक कंपनीकडील माहिती पुसण्याच्या विनंतीसाठी" असं लिहून तारीख घालावी, आणि काम झाल्यावर ती प्रत नष्ट केल्याचंही कळवा म्हणून सांगावं.

पुढचं उत्तर दोन ओळींचं होतं. आपलं खातं यशस्वीरीत्या बंद करण्यात आलं आहे, आपल्याला गमावल्याचं आम्हाला दुःख आहे. खूप जण इथे थांबतात आणि मेल फाइल करतात. मी आधी काही गोष्टी करून पाहिल्या.

विनंतीच्या आधी मी स्वतःच्या दोन फोटोंचे थेट दुवे आणि सार्वजनिक प्रोफाइलचा दुवा टिपून ठेवला होता. आता ते लॉगिन नसलेल्या खासगी खिडकीत उघडले. प्रोफाइलच्या जागी ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असा संदेश येत होता, पण दोन्ही फोटो अजून उघडत होते. फोटो बहुधा वेगळ्या साठवणीत असतात आणि जगभरच्या सर्व्हरांवर त्यांच्या उतरवलेल्या प्रती असतात, त्यामुळे एक-दोन दिवसांचा उशीर समजू शकतो. पण फोटो तसेच राहिले. पासवर्ड विसरल्याच्या पानावर माझा पत्ता टाकला. "या पत्त्याचं खातं असेल तर मेल पाठवला जाईल" असा संदेश आला, जो चांगल्या साइट्स सगळ्यांनाच दाखवतात, तेव्हा त्यावरून काही कळत नाही. मेल प्रत्यक्ष येतो का, तेच पाहायचं. तो आला. म्हणजे खातं झाकलं होतं, गेलं नव्हतं.

तांत्रिक बाजूने असं का होतं ते समजून घेतलं तर पत्र लिहिणं सोपं जातं. बऱ्याच प्रणालींमध्ये "डिलीट" म्हणजे नोंद काढून टाकणं नसतंच. नोंद तशीच राहते, फक्त तिच्या एका रकान्यात तारीख भरली जाते आणि पान दाखवताना ती वगळली जाते. ढोबळमानाने असं:

```
UPDATE users SET deleted_at = NOW() WHERE id = 1234;
DELETE FROM users WHERE id = 1234;
```

पहिल्या ओळीत माणूस पडद्यावरून नाहीसा होतो, दुसऱ्या ओळीत तक्त्यातून. चुकून डिलीट झालेलं खातं परत देता यावं म्हणून काही दिवस पहिली पद्धत वापरणं रास्त आहे. त्या मुदतीनंतर दुसरी ओळ चालवली जाते का, हाच प्रश्न असतो, आणि बाहेरून तो विचारल्याशिवाय कळत नाही.

मी फोटोंचे दुवे आणि पासवर्डचा मेल जोडून लिहिलं आणि मुद्देसूद उत्तर मागितलं: मुख्य डेटाबेस, फोटोंची साठवण, बॅकअप, बाहेरच्या कंपन्या आणि कायद्याने ठेवायची माहिती, या प्रत्येकाबद्दल वेगळं. या वेळी उत्तर त्यांच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडून आलं आणि त्यात दम होता. मुख्य डेटाबेसमधून नोंद काढली आहे. फोटो काढले आहेत (ते खरंच उघडेनासे झाले). बॅकअपमधून एकेका माणसाची नोंद निवडून काढता येत नाही, पण बॅकअप ठरावीक चक्राने नव्या प्रतींनी पुसले जातात, आणि मधल्या काळात बॅकअप परत बसवावा लागला तर पुसायच्या खात्यांची यादी पुन्हा चालवली जाते. पावत्या त्यांच्या देशाच्या करकायद्याप्रमाणे ठरलेल्या वर्षांपर्यंत ठेवाव्या लागतात. हे सगळं मला पटलं. बॅकअपबद्दलचं उत्तर प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची खूण म्हणजे चक्र किती दिवसांचं ते सांगितलं आहे का, आणि बॅकअप परत बसवल्यावर काय करतात हे सांगितलं आहे का. इथे दोन्ही होतं. पावत्यांवर मार्ग नसतात, ठोके नसतात, नाव आणि रक्कम असते, तेव्हा त्या राहण्याला माझी हरकत नव्हती.

पण त्याच पत्रात एक वाक्य होतं: "आपले मार्ग अनामिक करून सांख्यिकीसाठी ठेवले आहेत." माझ्या दृष्टीने सगळा लढा या वाक्यावर होता.

अनामिक म्हणजे काय केलं ते विचारलं. नावाच्या जागी "माजी वापरकर्ता" आणि एक क्रमांक टाकला होता. मार्ग मात्र जसेच्या तसे होते, सुरुवातीच्या बिंदूसह, तारीख-वेळेसह, आणि सगळे एकाच क्रमांकाखाली. शेकडो रेघा ज्या एका दारातून निघतात त्या दारामागे राहणाऱ्या माणसाचं नाव शोधायला कितीसा वेळ लागतो? २०१३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख माणसांच्या मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदी तपासल्या होत्या. एखादा माणूस कोणत्या वेळी साधारण कुठे होता असे फक्त चार बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा काढता येतो, असं त्यात आढळलं. त्या नोंदी मोबाइल टॉवर आणि तासाच्या अंतराने होत्या. माझ्या मार्गांत जवळजवळ प्रत्येक सेकंदाचा बिंदू होता.

जीडीपीआरच्या प्रस्तावनेतला २६ वा परिच्छेद इथे कामी आला. माणूस कोणत्याही वाजवी मार्गाने ओळखता येत असेल तर ती माहिती वैयक्तिकच राहते, नाव बदलून क्रमांक लावला तरीही. अशा माहितीला टोपणनाव लावलेली माहिती म्हणतात आणि पुसून घेण्याचा हक्क तिलाही लागू होतो. खरी अनामिक माहिती म्हणजे, उदाहरणार्थ, अमुक रस्त्यावरून अमुक महिन्यात किती लोक धावले हा आकडा, ज्यातून एकटा माणूस परत बाहेर काढता येत नाही. मी तसंच लिहिलं. असे एकत्रित आकडे खुशाल ठेवा, पण एका क्रमांकाखाली बांधलेले मार्ग ठेवू नका. त्यांनी म्हटलं, सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापून टाकू. मी तेही मान्य केलं नाही, कारण शेकडो मार्गांची कापलेली टोकं एकत्र ठेवली की ती एका बिंदूभोवती कडं करतात आणि मधोमध घर उरतं. शिवाय कामाचं ठिकाण, नातेवाइकांची घरं, दवाखाना, हे मार्गांच्या मध्ये येतं, टोकाला नाही.

याच सुमारास त्या सेवेचं बातमीपत्र माझ्या पत्त्यावर आलं. खातं नाही आणि बातमीपत्र चालू, हे कसं? मेलचं मूळ शीर्षक, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळी, उघडून पाहिलं, तेव्हा `Return-Path` या ओळीत त्या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव होतं, जिचं नाव मला यादीत मिळालं होतं. म्हणजे तिला पुसायला कळवलंच नव्हतं. ते शीर्षक मी पुराव्यादाखल जोडलं आणि कलम १९ ची आठवण दिली.

शेवटच्या पत्रात मी स्वर बदलला नाही, फक्त तारीख घातली. या तारखेपर्यंत मार्ग पुसल्याचं आणि बाहेरच्या कंपन्यांना कळवल्याचं लेखी उत्तर न मिळाल्यास कलम ७७ प्रमाणे आपल्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करेन. तक्रारीचा मसुदा मी तयार केलाच होता. त्यासाठी वकील लागत नाही. विनंतीची तारीख, उत्तरांच्या तारखा, काय मागितलं आणि काय राहिलं हे क्रमाने लिहायचं आणि पत्रव्यवहार पीडीएफ करून जोडायचा. प्राधिकरणाकडे काम हळू चालतं, निकाल यायला बरेच महिने जाऊ शकतात. ज्या कंपनीचा डेटा संरक्षण अधिकारी उत्तरं देतो आहे तिथे मसुदा तयार असल्याचं कळवणं बहुधा जास्त लवकर काम करतं. मी तो मसुदाच जोडून दिला.

उत्तर मुदतीच्या आत आलं. त्या क्रमांकाखालचे सगळे मार्ग काढले आहेत, फक्त महिन्यावार एकत्रित आकडे ठेवले आहेत. ईमेलच्या, मदत केंद्राच्या आणि जाहिरात मोजणाऱ्या कंपनीला कळवलं आहे, तिघांची नावं आणि कळवल्याच्या तारखा. ॲप बंद पडल्याच्या नोंदी आपोआप कालबाह्य होऊन आधीच गेल्या आहेत. माझ्या ईमेल पत्त्याचं एकमार्गी गणिती रूप एका यादीत राहील, ते अशासाठी की पुढे कुठल्या जुन्या प्रतीतून माझा पत्ता परत आला तर त्यावर मेल जाऊ नये. हे शेवटचं विचित्र वाटलं तरी योग्य आहे. पत्ता पूर्णपणे विसरला तर तो परत आल्यावर ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्या यादीचा दुसरा कशासाठीही वापर होणार नाही हे त्यांनी लिहून दिलं.

बॅकअपचं चक्र पूर्ण होईल तेवढा काळ मी थांबले आणि मग पुन्हा कलम १५ खाली विचारलं: माझ्याबद्दल कोणती माहिती आपल्याकडे आहे? ही पडताळणी कुणीही करू शकतो आणि कंपनीला "काही नाही" असंही उत्तर लेखी द्यावंच लागतं. नव्याने त्याच पत्त्यावर खातं उघडून बघायचा मोह टाळला. त्याने "हा पत्ता आधीच नोंदलेला आहे" असा संदेश आला तर काही कळतं खरं, पण नाही आला तर नवं खातं तयार होऊन बसतं आणि सगळं पुन्हा सुरू.

उत्तरात तीन गोष्टी होत्या: पावत्या, या विनंतीचा पत्रव्यवहार, आणि ईमेलचं ते गणिती रूप. पावत्यांपुढे त्या नष्ट करण्याचं वर्ष लिहिलेलं होतं, आणि पत्रव्यवहार तक्रारीची शक्यता संपेपर्यंत ठेवू असं कारण होतं. घड्याळाच्या कंपनीकडे अजून त्या मार्गांच्या मूळ प्रती आहेत. तिची प्रायव्हसी पॉलिसी काढून नोंदणीकृत पत्ता पाहिला आहे, आणि तिला पाठवायचं पहिलं पत्र, माहितीच्या प्रतीसाठीचं, लिहून झालं आहे.